खुर्ची गेली, कड राहिली

जुन्या घराच्या अंगणात काढलेला एक कौटुंबिक फोटो डोळ्यांसमोर आणा. मागे फिकट पिवळसर डिस्टेंपर दिलेली भिंत, खाली शहाबादी फरशी, मधोमध दहा-बारा माणसं, आणि उजव्या अंगाला कुणीतरी विसरलेली लाल प्लास्टिकची खुर्ची. फोटो फ्रेम करायचा आहे, फक्त ती खुर्ची नको. हल्ली हे काम पाच मिनिटांचं झालंय. खुर्चीवर ब्रश फिरवायचा, इथे भिंत आणि फरशी हवी असं एआयला सांगायचं, बटण दाबायचं. खुर्ची जाते. तिच्या जागी भिंत येते, फरशीही येते. मोबाइलच्या पडद्यावर सगळं छान दिसतं. मग मोठी प्रिंट निघते आणि घरातली एखादी मावशी चष्मा वर सरकवून विचारते, "भिंतीला इथे ओल आली होती का गं तेव्हा?"

ओल नव्हती. मावशींना दिसला तो भिंतीवरचा एआयचा तुकडा. नव्या तुकड्याची भिंत मूळ भिंतीपेक्षा किंचित उजळ निघाली आणि ती जिथे संपते तिथे खुर्चीच्या आकाराची पुसट कड उमटली. चित्राचा एखादा भागच नव्याने भरण्याच्या या तंत्राला इनपेंटिंग म्हणतात. त्यात नवी भिंत रंगवणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ती ही कड घालवणं. ती घालवायला दोन गोष्टी लागतात: मास्कची कड मऊ करणं, म्हणजे फेदर देणं, आणि मास्कभोवती मोकळी जागा सोडणं, म्हणजे पॅडिंग. बहुतेक प्रोग्रॅममध्ये या दोन्हींसाठी एकेक आकडा असतो आणि बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत.

मास्क म्हणजे फोटोच्याच मापाचं काळं-पांढरं चित्र. जिथे पांढरं तिथे बदल करायचा, जिथे काळं तिथे हात लावायचा नाही. आपण खुर्चीवर ब्रश फिरवतो तेव्हा खरं तर हे चित्र रंगवत असतो.

आता कड येते कुठून ते पाहू. २०२२ साली खुलं झालेलं स्टेबल डिफ्युजन आणि त्याच्या घराण्यातली मॉडेल्स फोटोवर थेट काम करत नाहीत. आधी फोटो आकसून एका छोट्या जाळीत बसवला जातो. १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा फोटो असेल तर जाळी १२८ बाय १२८ घरांची होते. म्हणजे एका घरात फोटोतले ८ बाय ८ पिक्सेल येतात. त्या चौसष्ट पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा मिळून १९२ आकडे होतात, आणि त्यांच्या बदल्यात घरात उरतात फक्त चार. मॉडेल या जाळीवर आपलं काम करतं आणि शेवटी जाळी उलगडून पुन्हा फोटो केला जातो. इतकं दाबून उलगडल्यावर काहीतरी हरवणारच. मागच्या पाटीवरची बारीक अक्षरं वितळतात, छोट्या चेहऱ्यांचे डोळे बदलतात, भिंतीचा रंग किंचित सरकतो. गंमत म्हणजे ज्या भागाला मॉडेलने हातही लावलेला नसतो तोसुद्धा असा थोडा बदलूनच बाहेर येतो.

म्हणून शहाणे प्रोग्रॅम बाहेर आलेलं अख्खं चित्र वापरत नाहीत. त्यातला मास्कपुरता तुकडा उचलतात आणि मूळ फोटोवर चिकटवतात. माणसांचे चेहरे कॅमेऱ्याने टिपले तसेच राहतात, ही त्यातली मोठी सोय. पण कडही याच सोयीतून जन्मते. रेषेच्या अलीकडे कॅमेऱ्याचे पिक्सेल, पलीकडे दाबून उलगडलेले. घराच्या भिंतीला मध्येच हात मारून घेतला की डब्यातला रंग तोच असूनही ठिगळ दिसतं, तसाच हा प्रकार.

प्रत्यक्ष आकड्यांत हे कसं दिसतं? समजा एका ओळीत मूळ भिंतीची उजळी २०० आहे (मोजमाप ० ते २५५) आणि नव्या तुकड्यात ती २०६ आली. सहाचा फरक किरकोळ आहे. हे दोन रंग दोन वेगळ्या कागदांवर दाखवले तर कुणाला ओळखता येणार नाहीत. पण लागोपाठच्या दोन पिक्सेलमध्ये २०० वरून एकदम २०६ झालं, आणि असं एका लांबलचक रेषेवर सलग झालं, की डोळा ती रेषा पकडतो. रंग नेमका किती हे डोळ्याला फारसं कळत नाही, पण रंग कुठे बदलला हे त्याला झटकन कळतं.

फेदर इथे उपयोगी पडतो. पांढरा मास्क एकदम काळा होण्याऐवजी मध्ये राखाडी पट्टा ठेवायचा, आणि त्या राखाडीच्या प्रमाणात नवं-जुनं मिसळायचं. राखाडी ऐंशी टक्के पांढरी असेल तर ऐंशी टक्के नवा तुकडा, वीस टक्के जुना फोटो. साठ पिक्सेलच्या पट्ट्यात तो सहाचा फरक वाटून टाकला तर सरासरीने दर पिक्सेलमागे फरक उरतो एक दशांशाचा. उजळीच्या मोजमापातली सगळ्यात लहान पायरी असते एकची. म्हणजे दहा पिक्सेल गेल्यावर कुठे एक पायरी बदलते. मावशींना आता काही दिसणार नाही.

हा उतार सरळ रेषेतला नसावा, हेही सांगायला हवं. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवलं होतं की उजेडाचा सरळ उतार जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे डोळ्याला मुळात नसलेली गडद किंवा उजळ पट्टी दिसते. म्हणून मास्क मऊ करायला बहुधा गॉसियन ब्लर वापरतात. त्याचा उतार दोन्ही टोकांना अलगद वळतो, डोळ्याला धरायला कोपरा सापडत नाही.

`AUTOMATIC1111` या बऱ्याच जणांच्या वापरातल्या प्रोग्रॅममध्ये या आकड्याचं नाव `Mask blur` आहे आणि तो आधीपासून ४ वर ठेवलेला असतो. ४ म्हणजे चार पिक्सेलचा पट्टा नव्हे. हा आकडा गॉसियनचा पसारा ठरवतो, आणि पसरण साधारण त्याच्या अडीच पट जाते. ४ ठेवले की रेषेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पिक्सेल. ५१२ पिक्सेलच्या चित्राला हे ठीक आहे. आपला फोटो मात्र मोबाइलचा, ४००० बाय ३०००. त्यात दहा पिक्सेल म्हणजे रुंदीच्या पाव टक्का. फेदर दिलेला असतो आणि तरी कड दिसते, याचं अगदी साधं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आकडा मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो, आणि फोटो मोठा झाला म्हणून तो आपोआप वाढत नाही. आपण तो १२ करू. आता पसरण दोन्ही बाजूंना तीस-तीस, एकूण पट्टा साठ पिक्सेलचा.

आणि इथेच नवशिका हमखास फसतो. फेदर वाढवला तर कड जाण्याऐवजी खुर्चीभोवती गुलाबी झाक उमटते! खुर्ची गेलेली असते, पण तिची लाल सावली भुतासारखी मागे राहते. कारण सरळ आहे. फेदर नव्याला जुन्यात मिसळतो, आणि जुन्या फोटोत त्या जागी खुर्ची आहे. मास्क खुर्चीच्या कडेला घट्ट बसवला असेल तर ब्लर दिल्यावर नेमक्या त्या कडेवर मास्क पन्नास टक्के राखाडी होतो. म्हणजे निम्मी भिंत, निम्मी खुर्ची. कडेपासून बारा पिक्सेल आत गेल्यावर नव्याचं प्रमाण ८४ टक्के होतं, चोवीस पिक्सेल आत ९८ टक्के. तेवढ्या पट्ट्यात खुर्चीचा लाल रंग कमी-जास्त झिरपत राहतो, आणि फिकट पिवळ्या भिंतीवर लाल दोन टक्के असला तरी जाणवतो.

उपाय क्रमाचा आहे. आधी मास्क वाढवायचा, मग मऊ करायचा. ब्लर तीस पिक्सेल पसरणार असेल तर मास्क आधी सगळीकडून तीस पिक्सेल बाहेर न्यायचा. मग राखाडी पट्टा खुर्चीच्या कडेपाशी सुरू होतो आणि पूर्णपणे भिंतीवर पडतो. तिथे नवी भिंत जुन्या भिंतीत मिसळते, खुर्चीचा संबंधच उरत नाही. `ComfyUI` मध्ये यासाठी `GrowMask` नावाची वेगळी पेटी आहे. `AUTOMATIC1111` मध्ये ब्रशच थोडा सैल हाताने फिरवावा लागतो. `ComfyUI` वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तिथल्या `FeatherMask` चं नाव पाहून ती ब्रशने काढलेल्या आकाराची कड मऊ करेल असं वाटतं, पण ती मास्कच्या चित्राच्या चार बाजूच फक्त मऊ करते. आकार मधोमध असेल तर काहीच होत नाही. आकाराची कड मऊ करायला मास्कला ब्लरच द्यावा लागतो.

मास्क सैल ठेवण्याला आणखी एक कारण आहे आणि ते फेदरशी निगडित नाही. खुर्चीची फरशीवर सावली पडलेली असते. घासून गुळगुळीत झालेल्या शहाबादीवर खुर्चीच्या लालसर रंगाची झाकही उतरलेली असते. या दोन्ही गोष्टी मास्कबाहेर राहिल्या तर मॉडेलला त्या दिसतात, आणि सावली आहे म्हणजे सावली पाडणारं काहीतरी असणार, असा हिशेब ते करतं. मग खुर्ची जाऊन तिथे स्टूल येतं, कधी कुंडी येते. लोक वैतागून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात आणि दर वेळी नवी वस्तू उगवते. सावलीवर ब्रश फिरवला की वस्तू यायच्या बऱ्याचदा थांबतात.

मग फेदर भरपूरच का ठेवू नये? शंभर-दोनशे पिक्सेलचा पट्टा ठेवला तर कड कायमची मिटेल, असं वाटणं साहजिक आहे. पण भिंत म्हणजे नुसता रंग नसतो. तिला पोत असतो, आणि फोटोला स्वतःचा दाणा असतो, विशेषतः संध्याकाळच्या उजेडात काढलेल्या फोटोला. मूळ फोटोतला दाणा आणि नव्या तुकड्यातला दाणा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. असे दोन दाणे निम्मे-निम्मे मिसळले की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो आणि दोन्ही काही अंशी एकमेकांना मारतात. हिशेबाने दाण्याचा जोर साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे फेदरच्या पट्ट्याच्या मध्यावर भिंत आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसते. पट्टा अरुंद असेल तर हे खपून जातं. दोनशे पिक्सेलचा असेल तर खुर्चीच्या आकाराची गुळगुळीत वेटोळी पट्टी दिसते. रंगाची कड गेली आणि पोताची आली.

फरशीवर तर याहून वाईट. शहाबादीचे सांधे म्हणजे बारीक गडद रेषा. नव्या तुकड्यातली रेषा मूळ रेषेपेक्षा चार पिक्सेल खाली आली, तर मऊ पट्ट्यात दोन्ही रेषा अर्ध्या-अर्ध्या दिसतात. दारू चढल्यावर दिसावी तशी दुहेरी फरशी. तिथे फेदर अरुंद ठेवलेला बरा, आणि त्याहून बरं म्हणजे मास्कची कडच एखाद्या सांध्यावरून न्यायची. फोटोत आधीपासून असलेल्या रेषेवर नव्या-जुन्याची रेषा बसवली की वेगळी लपवायला लागत नाही. भिंत आणि फरशी जिथे भेटतात ती कडही अशीच कामाला येते. रिटचिंगमध्ये मुरलेले लोक ब्रश कसाही फिरवत नाहीत, तो कुठून न्यायचा हे ते आधी बघतात. माझ्या मते तो ब्लरच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा भाग आहे.

रुंद फेदर हवा आणि अरुंदही हवा, हा पेच एआयच्या कितीतरी आधीचा आहे. पीटर बर्ट आणि एडवर्ड अ‍ॅडलसन यांनी १९८३ मध्ये त्याचं एक देखणं उत्तर दिलं. त्यांनी चित्राचे थर पाडले. ठळक, हळूहळू बदलणाऱ्या छटा एका थरात, त्याहून बारीक तपशील पुढच्यात, आणि अगदी बारीक पोत शेवटच्यात. छटांचा थर रुंद पट्ट्यात मिसळायचा, पोताचा अगदी अरुंद पट्ट्यात, आणि मग सगळे थर पुन्हा एकत्र करायचे. अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं यांचं एक फळ करून दाखवणारं चित्र याच पद्धतीचं प्रसिद्ध उदाहरण आहे. साध्या `Mask blur` मध्ये ही सोय नाही, एकच रुंदी सगळ्याला लागू होते. म्हणून ती रुंदी तडजोडीनेच ठरवावी लागते.

आता पॅडिंग. फेदरचं काम मॉडेलचं चित्र तयार झाल्यावरचं आहे, पॅडिंगचं त्याच्या आधीचं. ४००० बाय ३००० चा अख्खा फोटो मॉडेलला दिला तर तो १०२४ पर्यंत आकसावा लागतो, म्हणजे जवळपास चौपट लहान. मग खुर्चीच्या जागी येणारी भिंत दीडशे-दोनशे पिक्सेलमध्येच रंगवली जाते. ती मूळ मापाला ताणली की धूसर दिसणारच. म्हणून `Only masked` हा पर्याय असतो. त्यात प्रोग्रॅम मास्कभोवतीचा चौकोनच कापून घेतो, तो मॉडेलच्या मापाचा करतो, रंगवून घेतो आणि परत जागेवर बसवतो. हा चौकोन मास्कपेक्षा किती मोठा कापायचा ते पॅडिंग ठरवतं. पडद्यावर ते `Only masked padding, pixels` या नावाने दिसतं आणि ३२ वर ठेवलेलं असतं.

आपल्या फोटोत हिशेब करून पाहू. खुर्ची आणि तिची सावली मिळून ६४० बाय ८४० पिक्सेल. तीस पिक्सेल वाढवल्यावर मास्क ७०० बाय ९०० चा झाला, ब्लरचे आणखी तीस धरून ७६० बाय ९६०. पॅडिंग ३२ ठेवलं तर चौकोन ८२४ बाय १०२४ चा होतो, आणि मॉडेलचं माप चौरस असल्यामुळे प्रोग्रॅम तो रुंदीत वाढवून १०२४ बाय १०२४ करतो. मापाला अगदी फिट, ना ताणायचं ना आकसायचं. पण या चौकोनात मॉडेलला दिसतं काय? वर आणि खाली मास्कच्या पलीकडची फक्त बत्तीस पिक्सेलची चिंधी. आपल्या फोटोत एक फरशी जवळजवळ पाचशे पिक्सेलची आहे. त्या चिंधीत खालचा सांधा येतच नाही. सांधे किती अंतरावर आहेत, कोणत्या कोनात जातात, याचा अंदाज मॉडेलने कशावरून बांधायचा? मग ते मनाने फरशी घालतं. फरशी सुंदर असते, फक्त ती या घरातली नसते.

पॅडिंग १६० करू. आता उंची १२८० होते आणि चौरस झाल्यावर दोन्ही अंगांना दोनशे साठ पिक्सेलची खरी फरशी आणि भिंत दिसते. डावी-उजवीकडून सांध्यांच्या रेषा आत येताना दिसतात, भिंतीवर उजेड कुठून कुठे कमी होतो तेही कळतं. मॉडेलला त्या रेषा फक्त पुढे जोडायच्या असतात. नव्या भिंतीची उजळीही मग मूळच्या जवळ येते. म्हणजे जो सहाचा फरक आपण फेदरने वाटून टाकत होतो तो मुळातच तीन-चारवर येऊ शकतो. फेदर फरक लपवतो, पॅडिंगमुळे तो कमी होतो. या दोन आकड्यांत आधी कशाकडे बघायचं, असं कुणी विचारलं तर मी पॅडिंग म्हणेन.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. १२८० चा चौकोन १०२४ मध्ये बसवताना वीस टक्के आकसावा लागतो आणि परत ताणताना दाणा थोडा बुजतो. पॅडिंग सहाशे केलं तर चौकोन दोन हजारांच्या पुढे जातो, निम्म्याहून लहान होतो, आणि मॉडेलला सगळं घर दिसत असूनही भिंत पुन्हा धूसर येते. म्हणजे जेवढ्यात एखादा-दुसरा सांधा पूर्ण दिसेल आणि उजेडाचा कल कळेल तेवढंच पॅडिंग पुरे.

ठरावीक बाजूचीच जास्त जागा हवी असेल तर मुरलेल्यांची एक युक्ती आहे. चौकोन मास्कच्या सगळ्यात टोकाच्या ठिपक्यांवरून ठरतो. मग ज्या दिशेची जागा दाखवायची तिकडे, दूरवर, मास्कचा अगदी छोटा ठिपका द्यायचा. चौकोन त्या ठिपक्यापर्यंत ताणला जातो आणि मधलं सगळं मॉडेलला दिसतं. ठिपक्याखालचे पिक्सेलही नव्याने रंगतात, म्हणून तो रिकाम्या भिंतीवर द्यावा, कुणाच्या चेहऱ्यावर नाही.

पुन्हा त्या जाळीकडे येऊ, कारण फेदरची किमान रुंदी तीच ठरवते. मॉडेलच्या आत मास्कही जाळीच्या मापाचा होतो, आणि साध्या पद्धतीत प्रत्येक घराला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. आपण दिलेला मऊ राखाडी तिथे गोळाबेरीज होऊन पुन्हा काळा-पांढरा होतो. म्हणजे मॉडेल चित्र काढतं ते पायऱ्यापायऱ्यांच्या कडेने, आणि मऊपणा येतो तो शेवटी चिकटवताना. एक घर आठ पिक्सेलचं. आपला चौकोन वीस टक्के आकसलेला असल्यामुळे मूळ फोटोत ते दहा पिक्सेलचं होतं. फेदर दहापेक्षा कमी ठेवला तर त्या पायऱ्या उघड्या पडू शकतात. दोन्ही बाजूंना तीस-तीस ठेवले की त्या झाकल्या जातात.

ही आतली कडही मऊ करण्याची एक पद्धत २०२३ मध्ये एरन लेविन आणि ओहाद फ्रीड यांनी मांडली, तिचं नाव डिफरेन्शियल डिफ्युजन. मॉडेल चित्र एका फटक्यात काढत नाही. गोंगाटातून सुरुवात करून पायरीपायरीने ते साफ करत जातं. या पद्धतीत मास्कची राखाडी छटा त्या-त्या ठिकाणी किती बदल करायचा ते ठरवते. पूर्ण पांढऱ्या जागी मॉडेलला सुरुवातीपासून मोकळीक असते. राखाडी जागी मूळ फोटो बराच वेळ धरून ठेवला जातो आणि शेवटच्या काही पायऱ्यांतच सोडला जातो. त्यामुळे पट्ट्यात दोन चित्रं एकमेकांवर ठेवल्यासारखी मिसळत नाहीत, मॉडेल स्वतःच एकातून दुसऱ्यात जाणारी भिंत रंगवतं. फरशीच्या दुहेरी रेषांचा त्रास यात बराच कमी होतो. `AUTOMATIC1111` मधलं `Soft inpainting` याच कल्पनेच्या जवळचं आहे. पण मास्क खुर्चीला घट्ट असेल तर इथेही फसगत होते. राखाडी भागात मूळ फोटो धरून ठेवलेला असतो, आणि तो मूळ भाग खुर्चीचा असेल तर लाल काहीतरी उरणारच.

कड उरली आहे का हे कसं पाहायचं? मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून पाहणं पुरेसं नाही, कारण रंगाची कड आणि पोताची कड वेगवेगळ्या अंतरावरून दिसतात. रंगाची कड फोटो लहान करून पाहिल्यावर जास्त दिसते. मोठ्या भिंतीवर एक उजळ डाग जवळून कळत नाही, पण नखाएवढ्या चित्रात लगेच उठून दिसतो. पोताची कड उलट, शंभर-दोनशे टक्क्यांवर पाहिल्याशिवाय सापडत नाही. फोटोचा कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप चढवून पाहावा; भिंतीवरचा सहाचा फरक तीसचा होतो आणि लपलेला आकार ओरडून समोर येतो. फोटो आडवा उलटवून पाहणं ही चित्रकारांची जुनी सवयही इथे चालते, कारण ओळखीचं चित्र अनोळखी झालं की डोळा नव्याने शोधू लागतो.

रंगाची कड सापडली तर मास्क वाढवून ब्लर वाढवावा. नवा तुकडा गुळगुळीत वाटला तर ब्लरला हात लावू नये. तुकड्यावर मूळ फोटोएवढा दाणा चढवावा, साध्या फोटो एडिटरमध्येही ते जमतं. आणि कुठेतरी वीतभर कड हट्टाने उरलीच तर अख्खी खुर्ची पुन्हा काढायची गरज नसते. त्या कडेवरच अरुंद पट्टीचा नवा मास्क द्यायचा, पॅडिंग भरपूर ठेवायचं आणि `Denoising strength` ०.३ ते ०.४ च्या आसपास आणायचं. हा आकडा मूळ चित्रापासून किती दूर जायचं ते ठरवतो. १ ठेवला तर मॉडेल कोऱ्या पाटीवर सुरू करतं, ०.३ वर ते आहे त्याच भिंतीची फक्त डागडुजी करतं. दोन्ही बाजूंच्या भिंती त्या पट्टीत मिसळतात आणि कड विरते.

फरशीचा सांधा वाकडा आला असेल तर मात्र यातलं काहीच करू नये. इतक्या कमी आकड्यावर रेषा जागची हलत नाही, आणि फेदरने ती फक्त पुसट होते. तिथे पॅडिंग वाढवायचं, सीड बदलायचा आणि फरशी नव्याने काढून घ्यायची.